पिकण्याआधीची रजा

छापखान्यात त्यांना सगळे ‘सुगीवाले’ म्हणत. मशीन चालवणारा दुसरा कुणी रजा मागायचा तेव्हा कुणाची आत्या आजारी असे, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न असे. एकाने तर आपल्या एकाच आजोबांना तीन वेगवेगळ्या आजारांनी अंथरुणाला खिळवलं होतं. सुगीवाले मात्र दर वर्षी रजेच्या अर्जावर कारण म्हणून एकच ओळ लिहायचे : ‘घरच्या गव्हाची कापणी.’ आणि दर वर्षी फोरमनसाहेब त्या ओळीकडे बघून चष्मा पुसायचे.

“सुगीवाले, शाळेची पुस्तकं छापायची घाई आणि तुमचा गहू, दोघांनी मिळून कट केलाय का? एकाच वेळी पिकतात!”

“साहेब, पुस्तकं पुढे ढकलता येतील. गहू ओंबीतून गळायला लागला की थांबत नाही.”

“तारीख लिहा. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. दोन्ही रकाने.”

अडचण नेमकी इथेच होती. नव्याने नोकरीला लागले त्या वर्षी सुगीवाल्यांनी ‘पासून’च्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गहू पिकल्यापासून.’ तो अर्ज फोरमनसाहेबांनी आठवडाभर खिशात ठेवला आणि भेटेल त्याला दाखवला. तेव्हापासून सुगीवाले मुकाट्याने तारीख घालत. पण रजा आठवडाभर आधी मागायची, कारण मशीनवर बदली माणूस बसवावा लागे. आणि गहू तर जेमतेम दोन दिवसांची सूचना देतो. उन्हं तापली की लवकर, वारा गार असला की उशिरा. त्यामुळे सुगीवाले कधी निम्मी कापणी झाल्यावर पोचत, कधी मळणी चालू असताना, आणि बऱ्याचदा पोचतच नसत. मग त्या दिवसांत मशीनमधून सटासट बाहेर पडणाऱ्या पानांकडे बघत उभे राहत. पानांवर नदी, डोंगर, भागाकार असं बरंच काही असे. त्यांना दिसे ते वाऱ्यावर डुलणारं पिवळं रान.

घरी बायको म्हणायची, “जगात बायकांना माहेरची ओढ असते. आमच्याकडे नवऱ्याला आहे.”

या वर्षी ओढ जास्त होती. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, ठरवून टाकलं होतं : हात दुखतात, माणसं मिळत नाहीत, पुढच्या वर्षापासून कापायला मशीन आणायचं. म्हणजे विळ्याने कापायची ही शेवटची सुगी. सुगीवाल्यांनी मनाशी खूणगाठ बांधली : यंदा चुकवायची नाही.

घरची एक पद्धत होती. गहू तयार झाला की नाही हे वडील दाणा चावून ठरवायचे. नखाने दाबला जात असेल तर चिकात आहे, अजून थांबा. दाताखाली ‘कट्ट’ वाजला तर विळे काढा. बाबांचे दात गेल्यापासून हे काम वहिनीकडे आलं होतं, कारण घरातले सगळ्यात भरवशाचे दात तिचे. आणि सुगीवाले शहरात, म्हणून बाबा फोन वहिनीच्या तोंडाशी धरत आणि सुगीवाले इकडे एक कान बोटाने बंद करून ऐकत. मशीनच्या खडखडाटात त्यांचा असा चेहरा पाहिला की बाजूचा बाइंडर म्हणायचा, “कुणाची नाडी बघताय?”

यंदा एके दिवशी असाच फोन आला. “ऐक रे,” बाबा म्हणाले. वहिनीने दाणा दातात धरला. कट्ट!

असा खणखणीत आवाज! सुगीवाले मशीन बाजूच्या माणसाच्या हवाली करून थेट फोरमनसाहेबांच्या काचेच्या खोलीत शिरले.

“साहेब, दाणा कडक झाला. उद्यापासून द्या.”

“आठवडाभर आधी अर्ज, असा नियम आहे.”

“गव्हाला वाचून दाखवू का नियम?”

फोरमनसाहेबांनी चष्मा पुसला. दुसऱ्या पाळीच्या माणसाला बोलावून विचारलं, “जादा काम करशील?” तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याला सुगीवाल्यांनी आधीच तयार ठेवलं होतं. मग सही झाली. सलग आठवड्याची हक्काची रजा. लेकीची परीक्षा होती, म्हणून बायको मागे राहिली. निघताना तिने पाठीला लावायचा बाम तेवढा पिशवीत कोंबला.

सुगीवाले गावच्या घरी पोचले तेव्हा दादा अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसला होता. त्याने वर बघितलं.

“तू? आत्ता?”

“कापणी नाही का?”

“कसली कापणी? जाऊन बघ.”

सुगीवाले पिशवीसकट बांधावर गेले. गहू उभा होता, छान होता, पण देठ अजून हिरवट. ओंबी तोडून दाणा काढला, नखाने दाबला. मऊ. बोटाला चीक लागला. ऐन चिकात! आठ-दहा दिवस तरी हवेत. म्हणजे त्यांची रजा संपणार आणि मग गहू पिकणार. ते बांधावर मटकन खाली बसले. वर्षभर ज्या रानाची स्वप्नं पाहिली ते समोर होतं, आणि हात लावायची सोय नव्हती. ताटावर बसवून जेवण अजून चुलीवर आहे असं सांगावं, तसं झालं.

पण माणूस मशीनवरचा. बिघडलं की आधी तोड शोधणारा. त्यांनी तिथूनच फोरमनसाहेबांना फोन लावला.

“साहेब, मोठा घोटाळा झाला. गहू कच्चा आहे.”

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “उद्या सकाळच्या पाळीला हजर व्हा. उरलेली रजा रद्द करतो, तुमच्या खात्यात परत पडेल. आल्यावर पुढच्या आठवड्याचा नवा अर्ज द्या. बदली माणूस मी बघतो. पण उद्या आलात तरच हं. पुस्तकांची शेवटची खेप आहे, दोन्ही आठवडे बाहेर राहायला मलाही कुणी रजा देत नाही.”

सुगीवाल्यांना साहेबांचे पाय धरावेसे वाटले. पिशवी उघडलीच नव्हती, ती तशीच उचलून ते उड्या मारतच घरी आले आणि दादाला म्हणाले, फाट्यावर सोड. वहिनी दारात सूप घेऊन बसली होती.

“लगेच निघालात भावजी?”

“रजा वाचवतो. आठवड्याने येतो, खऱ्या कापणीला. पण वहिनी, तुमचे दात असे कसे फसले?”

वहिनीने पदर तोंडाला लावला. हसू दाबतेय की काय दाबतेय कळेना.

“माझे दात नाही फसले. दाणा गेल्या सालचा होता. बियाण्याच्या कोठीतला. मामंजींनीच आणून दिला. म्हणाले, चाव, आणि जोरात चाव.”

सुगीवाले पिशवी घेऊन मागच्या पडवीत गेले. बाबा खुर्चीवर बसून जुन्या विळ्याच्या मुठीला दोरी गुंडाळत होते. दोरी सुटत होती, ते पुन्हा गुंडाळत होते.

“बाबा, फसवलंत मला?”

“कळलं होय.” बाबांनी मान वर केली नाही. “सूनबाईच्या पोटात काही राहत नाही.”

“अहो, शेवटची कापणी ती! तुम्हाला माहीत होतं मला किती...”

“माहीत होतं.” दोरी पुन्हा सुटली. “तू सुगीला येतोस. आलास की विळा घेतोस आणि वाकतोस. दिवस मावळेपर्यंत वाकलेला. रात्री जेवतोस आणि मेल्यासारखा झोपतोस. रजा संपली की बसला पळतोस. इतक्या वर्षांत मी तुझी पाठ तेवढी बघितली. चांगली आहे पाठ. पण तोंड बघावंसं वाटलं.”

सुगीवाल्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“कापायला माणसं मिळतात रे,” बाबा म्हणाले, “महाग मिळतात, पण मिळतात. नुसतं बसायला कुणी येत नाही.” मग एकदम कडक आवाजात, “जायचं तर जा. बस चुकेल. साहेब भला माणूस दिसतो, त्याला तोंडघशी पाडू नकोस.”

बाहेर दादाने सायकल उभी केली होती, फाट्यापर्यंत सोडायला. घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. सुगीवाले बाबांच्या हातांकडे बघत होते. ज्या हातांनी त्यांना पहिल्यांदा विळा धरायला शिकवलं, त्यांना आता दोरीचं टोक सापडत नव्हतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि टोक बोटाने दाबून धरलं. “आता गुंडाळा.”

“घंटी वाजतेय.”

“वाजू दे. दादाला हौस आहे.”

फोरमनसाहेबांना त्यांनी कळवलं की येत नाही, रजा आहे तशीच राहू द्या. साहेब म्हणाले, “मग पुढच्या आठवड्यात मागू नका.” सुगीवाले म्हणाले, “नाही मागत.” हे दोन शब्द बोलताना त्यांनी रानाकडे पाठ केली होती.

मग आठवडाभर बापलेक बसले. सकाळी बांधावर, पाखरं हाकलायला. हाकलणं कमी, गप्पा जास्त. संध्याकाळी खळ्याची जमीन पाणी शिंपडून चोपायची. चोपायचं सुगीवाल्यांनी आणि चुका काढायच्या बाबांनी. “तिकडे उंचवटा राहिला.” “कुठे?” “तुझ्या डोक्यात.” सगळ्या विळ्यांना धार लावून झाली. बाबांनी अशा गोष्टी सांगितल्या ज्या सुगीवाल्यांनी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या, आणि अशाही पुष्कळ ज्या पन्नास वेळा ऐकल्या होत्या. पिशवीतला बाम जसाच्या तसा राहिला. रोज सकाळी सुगीवाले एक ओंबी तोडून दाणा नखाने दाबत. रोज तो किंचित कमी दबत असे. शेवटच्या सकाळी जवळजवळ दबलाच नाही. त्यांनी तो दाणा खिशात टाकला नाही, खाल्ला नाही. तिथेच रानात सोडला आणि बस गाठली.

परतल्यावर चौथ्या दिवशी, भल्या सकाळच्या पाळीला, मशीनचा पट्टा सुरू करण्याआधी दादाचा निरोप आला : आजपासून विळे लावले. बाबा खुर्ची घेऊन रानात आलेत, सगळ्यांच्या पाठींवर लक्ष ठेवून आहेत.

सुगीवाल्यांनी पट्टा सुरू केला. कागद आत जाऊ लागला, छापून बाहेर पडू लागला. आता पहिली ओळ, ते मनात म्हणाले. दादा डावीकडून, वहिनी मधून. विहिरीच्या बाजूला आधी, तिथे लवकर वाळतो. ऊन चढायच्या आत तो तुकडा व्हायला हवा. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्याने ओढायचं.

फोरमनसाहेब हजेरी घेत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी जरा वेळ पाहिलं. मशीन नीट चालू होतं. माणूस मात्र गुडघ्यात किंचित वाकलेला.

“सुगीवाले, कापणी कधी?”

“आज लागली, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसायचा राहून हातातच धरला.

“आणि तुम्ही?”

“इथे. हजर लिहा.”

साहेबांनी हजर लिहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेले. सुगीवाल्यांनी बाहेर आलेल्या पानांची चवड दोन्ही हातांनी कवेत घेतली, उचलली, आणि खाली ठेवायला थोडा उशीर केला.