सारख्या अंतराच्या रेषा

जिंतूरचा पाथरवट आसाराम हाताचा पक्का. शाळेच्या सूर्यघड्याळासाठी आमच्या बन्सीधर गुरुजींनी त्याला कोन लिहून दिले. बाराच्या रेषेपासून एकची पाच अंशांवर, तीनची साडेअठरा, पाचची एक्कावन्न. आपल्या अक्षांशाच्या साइनला तासाच्या कोनाच्या टॅन्जंटनं गुणून, आलेल्या टॅन्जंटवरून काढलेले.

आसारामला ते वेडंवाकडं दिसलं. "गुर्जी लय आजारी हायत, चुकले असतील," म्हणत त्यानं दर तासाला सारखे पंधरा अंश कोरले.

दगड बसवायच्या आधीच गुरुजी गेले. दगडावर त्यांचंच नाव. दुपारी तीनला सावली एकच्या रेषेपाशी! मी आसारामवर खेकसलो.

आता तो रोज सूर्य माथ्यावर आला की येतो. शाळेच्या वेळेत बाराची तेवढी एकच रेषा खरं सांगते.