चार्ज परत येत नाही

हॉस्पिटलच्या बिल काउंटरवर बसणाऱ्या बाईला सगळे टेपताई म्हणायचे, कारण तिने एकदा ऐकलेला आवाज कधी पुसला जात नसे. मोठे डॉक्टर नाकातून "बघू या, बघू या" कसं म्हणतात, लिफ्टवाला दार लावताना कुणाच्या नावाने कसा पुटपुटतो, अकाउंट्सचे साहेब नाही म्हणायच्या आधी कसे तीनदा हो म्हणतात, हे सगळं ती जेवणाच्या सुट्टीत करून दाखवायची आणि नर्सबायांचे डबे हसण्यात थंड व्हायचे. काचेच्या अलीकडे मात्र ती दिवसभर एकाच आवाजात बोलायची. सरळ, सपाट, बिलावरच्या छपाईसारखा.

त्या दिवशी साडेअकराला काचेला असलेल्या भोकातून आवाज आला, "हं-हं. काय हिशोब आहे, बघू."

टेपताईचं बोट शिक्क्यावरच थांबलं. घशातलं ते दुहेरी "हं-हं". तिने मान वर केली नाही. करायची गरजच नव्हती. बावीस वर्षं तो आवाज तिच्याजवळ होता, रोज काढून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लखलखीत.

हप्तेशेठ.

पूर्वी त्याचं हप्त्यांवर माल देणारं दुकान होतं. पंखे, कपाटं, शिलाई मशिनी. टेपताईच्या आईने तिथून सहा हजारांचं मशीन घेतलं होतं. ती नऊ वर्षांची, कापडी पिशवी धरून बाजूला उभी. शेठ गोड हसून म्हणाला होता, "ताई, व्याज एक पैसा नाही. माझ्याकडे व्याजाचं नावसुद्धा काढायचं नाही. सहा हप्ते, हजार-हजार. पहिला आज. आणि कागदपत्रांचा चार्ज तीनशे, तोही आजच. झालं, मशीन तुमचं."

मशीन घरी आलं आणि मागोमाग शेठची मोटारसायकलही. हप्त्याची तारीख महिन्याची, पण त्याची फेरी आठवड्याची. दारात गाडी चालूच ठेवायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "ताई, लक्षात आहे नाऽऽ?" महिन्याभरात आईने कानातलं विकलं आणि उरलेले पाच हजार एकदम दुकानातल्या टेबलावर ठेवले. मग हळूच विचारलं, "शेठ, सहा महिन्यांचा चार्ज घेतला होतात, मी एका महिन्यात फेडलं. त्यातलं काही परत...?"

"हं-हं," शेठ म्हणाला होता. "ताई, चार्ज म्हणजे चार्ज. तो परत येत नाही."

आई तशीच घरी आली. टेपताईने त्या रात्री पांघरुणात तोंड घालून ते वाक्य पहिल्यांदा म्हणून पाहिलं. हुबेहूब जमलं. तिची पहिली नक्कल तीच.

आता तो काचेपलीकडे उभा होता. केस गेलेले, पोट गेलेलं, फक्त घसा शाबूत. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला घरी न्यायचं होतं. बिल ऐंशी हजार, दाखल करताना भरलेले वीस वजा, बाकी साठ.

"एकदम नाही जमणार हो," तो म्हणाला. "बँकेत ठेव आहे पन्नासाची, पण तिची मुदत सत्तावीस दिवसांनी संपते."

"मोडा ना मग. थोडंसं कापतील."

"मुदतीआधी ठेव मोडायची नाही, हा आपला जन्माचा नेम आहे, बाळ. लोकांची मोडली असेल, स्वतःची नाही."

टेपताईच्या उजव्या गुडघ्याला टेबलाचा खालचा खण लागत होता. त्या खणात पिवळा फॉर्म होता. महिन्याच्या आत पैसे येणार असतील आणि ठेवीच्या पावतीची प्रत जोडली, तर हॉस्पिटलने तीस दिवस थांबायचं, एक पैसा चार्ज नाही. साहेबांचा नियम होता, "हो, हो, हो, फॉर्म आहे, पण मागितला तरच द्यायचा." इतर दिवशी टेपताई तो न मागताही द्यायची. साहेबांची पाठ वळली की सरकवायची काचेखालून.

आज तिने गुडघ्याने खण घट्ट दाबून धरला.

"काळजी करू नका," ती म्हणाली, आणि सपाट आवाज कुठल्या कुठे गेला. त्या जागी साखरेचा पाक आला. "व्याज एक पैसा नाही. आमच्याकडे व्याजाचं नावसुद्धा काढायचं नाही. सहा हप्ते, दहा-दहा हजार. पहिला आज. आणि प्रोसेसिंग चार्ज पाच टक्के, म्हणजे तीन हजार, तोही आजच. झालं, पेशंट तुमचा."

रांगेतला एकजण हसला. हप्तेशेठ मात्र काचेजवळ आला, डोळे बारीक करून. क्षणभर टेपताईला वाटलं, ओळखलं.

"कुणी शिकवलं गं तुला असं बोलायला?" त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "अगदी आमच्या धंद्यातली भाषा!"

"ऐकून ऐकून येते."

"पण मला नको हं शिकवू. व्याज नाही म्हणे!" त्याने खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या पाठीवरच हिशोब मांडला, मागच्या माणसाला दिसेल असा. गुरुजींच्या थाटात बोलायला लागला. "आज दहा भरले, राहिले पन्नास. ते मी वापरले एक महिना. मग चाळीस एक महिना. मग तीस, वीस, दहा. बेरीज कर. दीड लाख. म्हणजे दीड लाख एका महिन्यासाठी वापरल्यासारखे, त्यावर तीन हजार. शेकडा दोन महिन्याला! वर्षाचे चोवीस. आणि चार्ज आधीच कापून घेता, म्हणजे पहिल्या महिन्यात माझ्या हातात पन्नास नाहीत, सत्तेचाळीसच. तेव्हा पंचवीसच्या वरच धर. काय?"

"बरोबर," टेपताई म्हणाली. मनात म्हणाली, आलं ना स्वतःच्या तोंडून.

मागचा माणूस घाबरून म्हणाला, "अहो, वर्षाला पंचवीस?"

"मग! फुकट कोण देतं?" हप्तेशेठ खुशीत हसला. "पण मला कुठे सहा महिने लागतायत. ठेव आली की पुढच्याच महिन्यात सगळे भरतो. शेकडा दोनने एका महिन्याचे हजार. उरलेले दोन हजार तुम्ही परत द्यायचे."

हप्त्यांच्या फॉर्मच्या सातव्या ओळीत चार्जचं काय ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. टेपताईने फक्त तो फॉर्म पुढे केला आणि सही करायच्या जागी फुली मारली. त्याने चष्मा न लावताच सही ठोकली. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतलेल्या माणसाला स्वतः सही करताना वाचायची सवय नसते. टेपताईने तेरा हजार मोजून घेतले, पावती दिली, खण दाबून धरलेला गुडघा सोडला. गुडघ्यावर कडीचा वळ उमटला होता.

तो महिना टेपताईने असा काढला, जसा कुणी लग्नाची तारीख मोजत काढतो. वॉर्डात, जिन्यात, घरी पोळ्या लाटताना तिची ओठांतल्या ओठांत तालीम चालायची. हं-हं. पहिला हं थोडा वर, दुसरा खाली.

दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी हप्तेशेठ आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. पन्नास हजारांचं बंडल त्याने काचेखालून असं सरकवलं, जसं काही हॉस्पिटलच विकत घेतोय.

"घे. खातं नील. कुणाचं ठेवायचं नाही, हा आपला स्वभाव. आता माझे दोन हजार काढ."

टेपताईने नोटा मोजल्या. दोनदा. शिक्का मारला. पावती फाडली. मग काचेच्या भोकाजवळ तोंड नेलं.

"हं-हं," ती म्हणाली. "शेठ, चार्ज म्हणजे चार्ज. तो परत येत नाही."

आवाज बाईचा होता, पण घसा त्याचा होता. हप्तेशेठने मागे वळून पाहिलं, जणू कुणी तिथूनच बोललं असावं.

"सातवी ओळ वाचा," टेपताई म्हणाली. आणि त्याच्याच सारखं पेन काढून पावतीच्या पाठीवर लिहायला लागली. "चार्ज धरून तेरा भरलेत, म्हणजे हातात राहिले सत्तेचाळीस. वापरले एकच महिना. त्यासाठी दिले तीन हजार. सत्तेचाळीसावर तीन म्हणजे शेकडा सहाच्याही वर. बाराने गुणा. वर्षाला साडेशहात्तर टक्के. सहा महिने सावकाश फेडले असते तर पंचवीस पडले असते. लवकर फेडलंत, म्हणून तिप्पट." तिने पावती सरकवली. "आणि बावीस वर्षांपूर्वी एका शिवणवाल्या बाईने सहा हजारांचं मशीन घेतलं होतं. तीनशे चार्ज. महिन्यात फेडलं, कानातलं विकून. हाच हिशोब, फक्त एक शून्य कमी. आणि हो, ठेव आहे म्हणालात ना, त्या दिवशी तुम्हाला एक पैसाही चार्ज लागला नसता. पिवळा फॉर्म असतो. मी दिला नाही."

आता ओरडेल, असं तिला वाटलं. साहेबांना बोलवेल. ओरडू दे, तेही ऐकून ठेवू.

हप्तेशेठने पावती उलटी केली, हिशोब एकदा ओठ हलवत तपासला, चूक सापडली नाही. मग तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो पूर्वी नवीन कपाटाच्या पॉलिशकडे पाहायचा.

"ती पिशवी धरून उभी होती, ती तू?"

"मी."

"चुकलीच तुझी आई तेव्हा," तो शांतपणे म्हणाला. "ओरडायला हवं होतं तिने. दुकानात उभं राहून ओरडणाऱ्याला मी निम्मा चार्ज परत द्यायचो. बाकी गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून. ती फारच हळू बोलली." त्याने पावतीची घडी खिशात घातली. "आणि तू, बाळ... फॉर्म खणात, चेहरा गोड! माझ्या दुकानात असतीस ना, तर एकाची तीन दुकानं झाली असती."

हात जोडून तो निघून गेला. ओरडला नाही, गयावया केली नाही. टेपताईच्या तोंडात पुढची सगळी वाक्यं तयार होती, ती तशीच राहिली.

"ताई, माझंही हप्त्यांवरच करायचंय," पुढचा माणूस म्हणाला. "महिनाअखेरीला पैसे येतात माझे."

टेपताईने खण उघडला. पिवळ्या फॉर्मचा सगळा गठ्ठा बाहेर काढून काचेसमोर, उभा, नाव दिसेल असा ठेवला. साहेब तीनदा हो म्हणत येतील तेव्हा बघता येईल.

संध्याकाळी आई खाटेवर पाय सोडून बसली होती. टेपताईने दार लावलं आणि सगळा खेळ करून दाखवला. इस्त्रीचा शर्ट, बंडल, "नील!", आणि ते हं-हं. आई पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"साडेशहात्तर? त्याला?"

"त्याला."

"मग काय म्हणाला गं तो शेवटी?"

टेपताई थांबली. एकदा ऐकलेला आवाज तिच्याजवळून कधी पुसला जात नसे. तो आत्ताही होता, जिभेच्या टोकावर, शब्द न शब्द. आईबद्दलचे ते तीन शब्दही. फारच हळू बोलली.

"काही नाही," ती म्हणाली. "तोंडच उघडलं नाही त्याने."

"उघडेल कसं!" आई म्हणाली. "पुन्हा कर. हं-हंपासून."