दाजी, ढग आणि शिवण

माझे दाजी टेलर आहेत. आठवडाभर पँटी शिवतात आणि रविवारी आमच्या क्लबसाठी स्विंग टाकतात. स्विंगचं श्रेय मात्र त्यांनी कधी स्वतःकडे घेतलं नाही, सगळं हवेला देऊन टाकलं. ढग आले, अंग चिकचिकलं की दाजी नवरदेवासारखे खुलतात. ऊन पडलं की सासुरवाडीला निघाल्यासारखं तोंड करून रनअपवर जातात. त्यांची सासुरवाडी म्हणजे आमचंच घर, त्यामुळे ते तोंड मला पाठ आहे.

"दमट हवा जड असते. बॉलला ढकलते," हा त्यांचा सिद्धांत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमट हवा उलट किंचित हलकीच असते. दमटपणामुळे बॉल जास्त वळतो, हे मोजून अजून कुणी नीट दाखवलेलं नाही."

"तू कधी बॉल टाकलायस?" दाजींनी विचारलं आणि चहा अर्धाच ठेवून उठले.

यंदा मात्र त्यांचा बॉल वळेनासा झाला होता. आमच्या कॅप्टनचं औषधाचं दुकान आहे. कडू डोस द्यावा तसं त्यानं हळू आवाजात सांगितलं, "शेवटच्या मॅचला स्विंग दिसला नाही, तर पुढच्या वर्षी तुम्ही स्कोअररच्या टेबलावर." दाजी हसले. पण त्याच आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची उजवी बाही डावीकडे लावली. मला फार वाईट वाटलं. बोलिंग सुटली तर या माणसाचा रविवार कसा जाणार?

मॅचच्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं. "आज बघ!" म्हणत दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्या तीन ओव्हरमध्ये दाजींनी मार खाल्ला. बॉल दोरी लावल्यासारखा सरळ येत होता.

मी विकेटकीपर. बॉल माझ्याकडेच येतो, त्यामुळे त्याची शिवण मला दिसते. एरवी दाजींची शिवण उभी, जराशी स्लिपकडे तिरकी येते. आज ती हवेत लटपटत होती. ढग बघून माणूस इतका चेकाळला होता, की जोर लावून मनगटच वाकडं करत होता. त्यात आमच्या घामट पोरांनी बॉल दोन्ही बाजूंनी पुसून खरखरीत बाजूही गुळगुळीत करत आणली होती.

"दाजी, मनगट!" मी ओरडलो.

"हवा बसली नाही अजून," दाजी म्हणाले.

मी बॉल माझ्याकडे घेतला आणि पोरांना बजावलं, की घासायचा तर फक्त चमकती बाजू, दुसरीला कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात वारा सुटला, ढग पांगले आणि लख्ख ऊन पडलं. दाजींचा चेहरा पार उतरला. कॅप्टननं बॉल दिला तेव्हा ते मला म्हणाले, "आता काय होणार? उरलेली ओव्हर उरकतो."

आणि उरकायचं म्हणूनच त्यांनी टाकली. जोर नाही, मनगट सैल, बोटं शिवणीच्या मागे सरळ. चमकती बाजू बॅट्समनच्या पायांकडे, खरखरीत स्लिपकडे. शिवण उभीच्या उभी, तोंड स्लिपकडे. शिवणीला अडखळलेली हवा त्या बाजूला खवळते आणि बॉलला जास्त वेळ चिकटून राहते. गुळगुळीत बाजूची लवकर सुटते. मग बॉल शिवणीच्या तोंडाकडे ढकलला जातो. हे भाचीनं मला समजावलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बॉल आधी सरळ आला, मग सावकाश बाहेर निघाला. बॅटची कड लागली आणि माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. दोन बॉलनंतर पुन्हा तसाच. कॅप्टननं टाळ्या वाजवल्या, आणि हा माणूस सहसा टाळ्या वाजवत नाही.

ओव्हर संपवून दाजी सीमारेषेजवळ फिल्डिंगला गेले. पाठोपाठ पाण्याची वेळ झाली म्हणून मीही तिकडे गेलो. भाची पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "दमटपणा राहिला असणार थोडा हवेत," दाजी तिच्याकडे न बघता पुटपुटले.

"बाबा, केव्हाचं ऊन पडलंय," ती म्हणाली. "मगाशी हवा दमट होती, तेव्हा बॉल सरळ जात होता."

दाजींनी वर पाहिलं. आभाळात नावाला ढग नव्हता. मग त्यांनी आपलं मनगट उलटसुलट करून बघितलं, जसं गिऱ्हाईक शिवून आणलेला कपडा बघतं.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "ते मीच करत होतो?"

भाचीनं मान डोलावली. दाजी घटाघट पाणी प्यायले आणि लांबूनच कॅप्टनला ओरडून म्हणाले, "अहो, स्कोअररच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा!"