दोन ओळींत मावत नाही

कालिंदी घाडीगावकरला सगळ्यात जास्त राग कोणाचा येत असेल, तर तो ‘असतं’ या शब्दाचा. माणसाचा राग आला तर भांडता तरी येतं. ‘असतं’शी कोण भांडणार? इंग्रजीत एक छोटासा ‘वुड’ असतो, तोही लोक अर्धा गिळून टाकतात. मराठीत मात्र ‘केलं असतं’, ‘गेले असते’, ‘सांगितलं असतं’, म्हणजे दर वेळी एक डबा जास्त जोडायचा. आणि गाडी तेवढ्याच फलाटावर उभी करायची.

डिलाईल रोडच्या चाळीत, खिडकीजवळच्या टेबलावर, कालिंदी परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहायची. आधी अठरा वर्षं तिने गिरगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे एखादा अनुस्वार निसटला की मालक तिला बोलावून घ्यायचे, आणि तो सापडला की तिला दिवसभर बरं वाटायचं. छापखाना बंद झाला, तेव्हा कोणीतरी हे काम सुचवलं. भाषा चांगली आहे, इंग्रजी येतं, घरी बसून होईल. घरी बसणं गरजेचंच होतं, कारण वडील, दगडू घाडीगावकर, आता एकटे ठेवण्यासारखे नव्हते. सगळी उमर कापडगिरणीत साच्यांवर गेलेली. त्या खडखडाटाने कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. समोरच्याचे ओठ बघून ते समजून घ्यायचे, आणि टीव्हीवर खाली अक्षरं असतील तरच बघायचे.

पण या नव्या कामात अनुस्वार म्हणजे वैरी झाला. पडद्यावर दोनच ओळी, प्रत्येक ओळीत ठरावीकच अक्षरं, आणि वाक्य जेवढा वेळ दिसणार तेवढ्या वेळात ती वाचून व्हायला हवीत. हे सगळं एक सॉफ्टवेअर मोजायचं आणि जास्त झालं की ओळ लाल करायचं. ते मोजायचं तरी कसं? काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला की तोही वेगळा. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर. सॉफ्टवेअरच्या हिशेबात सहा. कालिंदीने हे कंपनीला दोनदा लिहून कळवलं होतं. ‘नोटेड,’ एवढंच उत्तर आलं होतं.

तर मालिका होती एका पावाच्या भट्टीवाल्या कुटुंबाची. स्पॅनिश. मूळ भाषा कालिंदीला येत नव्हती. तिच्यापुढे यायची ती इंग्रजी ओळ आणि तिची वेळ. कुठलं वाक्य कधी उगवणार आणि कधी मावळणार हे सगळ्या भाषांसाठी एकदाच ठरलेलं. त्या चौकटीला हात लावायचा नाही. सहाव्या भागात भट्टीवरची आई आणि कित्येक वर्षांनंतर परतलेली मुलगी समोरासमोर येतात. मुलगी चिडून विचारते, बाबा का गेले हे मला कोणी का सांगितलं नाही? आई पिठाचे हात पुसत म्हणते, एकदा बसून विचारलं असतंस, तर मी तुला सगळं सांगितलं असतं.

एकाच वाक्यात दोन ‘असतं’. ओळ लालभडक.

कालिंदीने ‘मी’ काढला, ‘तुला’ काढला. मराठीत बोलण्याच्या ओघात माणूस कळतो, त्यामुळे तेवढं चालतं. तरी लाल. ‘एकदा’ काढलं, ‘बसून’ काढलं. लाल. त्या दिवशी अशा चाळीसेक ओळी झाल्या होत्या. तिने दात आवळून सगळं पुसलं आणि लिहिलं: ‘विचारलंस कधी?’

लाल रंग गेला. कालिंदीने चहा टाकला.

दोन दिवसांनी फाइल परत आली. भाषा तपासणाऱ्या इरावती देवधर, मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, दादरला हिंदू कॉलनीत राहणाऱ्या. त्यांनी शेरे मारले होते. जवळजवळ प्रत्येक पानावर ‘आशय गळला’. ‘“निदान” का वगळले?’ ‘“खरं सांगायचं तर” मुळात आहे.’ भट्टीच्या ओळीपुढेही तेच: आशय गळला.

कालिंदीने वरळीच्या ऑफिसात हितेंद्रला फोन लावला. सगळ्यांची कामं जुळवून घेणारा हा पोरगेलासा माणूस आवाज नेहमी गोड ठेवायचा, म्हणून तिला तो जास्तच डोक्यात जायचा.

“हितेंद्र, मॅडम म्हणतात सगळं लिही. लिहिलं की तुमचं मशीन म्हणतं जास्त झालं. मी नक्की कोणाचं ऐकू?”

“ताई, दोघांचं.”

“दोघांचं कसं ऐकणार रे? एकजण म्हणतो पोट भरून जेव, दुसरा म्हणतो ताट एवढंसंच.”

“तुम्ही करता ना बरोबर. ॲडजस्ट करा थोडं. शुक्रवारी क्लायंटला द्यायचंय.”

तिने रागारागाने मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं भरून टाकलं. संध्याकाळपर्यंत वरळीहून फाइल परत: एकशे बारा ओळी लाल. पुन्हा कापलं. दुसऱ्या दिवशी दादरहून परत: आशय गळला, कृपया गांभीर्याने घ्यावे. ‘कृपया गांभीर्याने’ वाचून कालिंदीने लॅपटॉप असा आपटून मिटला, की शेजारच्या खोलीतून नलूकाकीने काय पडलं म्हणून विचारलं.

दुपारी जेवणं झाली. दगडू खुर्चीत बसून होते, करमत नव्हतं. कालिंदीने सहावा भाग लॅपटॉपवर लावून त्यांच्यापुढे ठेवला. चित्रासकट, तिच्या अक्षरांसकट. म्हातारा गुंतेल आणि तिला भांडी घासता येतील, एवढाच विचार. फाइल होती भरलेली आणि कापलेली अशी दोन्हींची खिचडी.

थोड्या वेळाने हाक आली. “गो कालिंदी! ह्या काय लिवलंस? वाचूच्या आधी पळता.”

ती ओले हात घेऊन आली. मॅडमच्या म्हणण्याने ‘निदान’ आणि ‘खरं सांगायचं तर’ घातलेली ओळ होती. दगडूंची नजर पहिल्या ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत पडदा रिकामा. ते ओठ बघायला वर पाहायचे तर ओठ स्पॅनिश, खाली पाहायचे तर अक्षरं गेलेली. ती मनात म्हणाली, बघा म्हणावं मॅडमना.

मग भट्टीचा प्रसंग आला. ‘विचारलंस कधी?’ दगडूंनी ते झटक्यात वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

“कसली गो आवस ही? चेडू इतक्या वर्सांनी घराक इला, नि ही टोमणे मारता.”

“टोमणा नाही बाबा,” ती तोंड त्यांच्यासमोर धरून सावकाश म्हणाली. “ती चांगली आहे. तिला वाईट वाटतंय.”

“मगे तसा लिवक् होया,” म्हातारा म्हणाला आणि पुढचं बघू लागला.

कालिंदी तशीच उभी राहिली. तिला आवाज ऐकू येत होता, त्यातला कातरपणा ती गृहीत धरून चालली होती. ज्याला फक्त अक्षरंच दिसतात, त्याच्यासाठी तिने एका बऱ्या बाईला कजाग करून ठेवलं होतं. आणि त्या ओळीपुढचा शेरा बरोबर होता. शेकडो शेऱ्यांत तो एक खरा होता, आणि तिने तोही बाकीच्यांबरोबर झटकून टाकला होता. याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना नलूकाकीच्या हवाली करून, लॅपटॉप पिशवीत घालून, ती दादरला गेली. आधी फोन केला होता. इरावतीबाई “या की” म्हणाल्या होत्या, पण दार उघडताना त्यांचा चेहरा परीक्षा घ्यायला बसल्यासारखा होता.

“मॅडम, तुम्ही तपासता तेव्हा चित्र बघता का?”

“मला चित्र कुठे पाठवतात? तक्ता येतो. इकडे इंग्रजी, तिकडे मराठी.”

“मग हे बघा.”

कालिंदीने त्यांचीच भरगच्च वाक्यं असलेला प्रसंग लावला. इरावतीबाई चष्मा सरसावून वाचू लागल्या. दोन ओळींनंतर म्हणाल्या, “थांबवा. मागे घ्या.” पुन्हा बघितलं. “अहो, ही पात्रं श्वास कधी घेतात?”

“ती घेतात हो. वाचणाऱ्याला घेता येत नाही.”

बाईंनी ती ओळ आणखी एकदा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, “मान्य आहे. ‘निदान’ जाऊ द्या. पण ‘विचारलंस कधी?’ हे मी चित्र न बघताही चूक म्हटलं होतं. ते चूकच आहे. शेवटच्या भागात ती मुलगी म्हणते, मी कधी विचारलंच नाही. इथे आईने सांगण्याची तयारी दाखवली नाही, तर तिथे तिला पश्चात्ताप कशाचा?”

“ते चूक आहे,” कालिंदी म्हणाली. “म्हणूनच आले. पण बसवू कसं?”

मग दोघी त्या एका वाक्यावर बसल्या. इरावतीबाईंनी सुचवलेलं प्रत्येक वाक्य सुंदर होतं आणि लाल होतं. कालिंदीने सुचवलेलं प्रत्येक वाक्य बसत होतं आणि कोरडं होतं. “यात माया नाही,” बाई म्हणायच्या. “मायेला जागा नाही,” कालिंदी म्हणायची. एकदा तर बाई इतक्या वैतागल्या, की उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “तुमची आई काय म्हणाली असती? तुम्हाला, अशा वेळी?”

कालिंदीने फार विचार केला नाही. “विचारायचंस ना गं, म्हणाली असती.”

“सांगितलं असतं,” बाई आत येत म्हणाल्या.

कालिंदीने टाइप केलं. *विचारायचंस ना गं. सांगितलं असतं.* एक ‘असतं’ गेलं होतं, ‘तर’ गेलं होतं, ‘एकदा बसून’ही गेलं होतं. ‘गं’ मात्र आला होता, जो इंग्रजीत नव्हताच. ओळ तरी लाल होती, पण अगदी थोडक्यासाठी.

तिने प्रसंग पुढे चालवला. वाक्य संपल्यावर आई भट्टीकडे वळते आणि काही न बोलता उभी राहते. दृश्य तेच, कोणी बोलत नाही. अक्षरं अजून क्षणभर तिथे थांबली, तर कोणाचं काय बिघडणार होतं?

फोनवर हितेंद्रने नेहमीचं सुरू केलं. “ताई, टायमिंग लॉक आहे. सगळ्या भाषांचं एकच—”

“माहीत आहे. तू क्लायंटला विचार.”

“ते नाही म्हणतील.”

इरावतीबाईंनी फोन हातात घेतला. “हितेंद्र, मी देवधर बोलतेय. तुम्ही विचारून तर बघा. आणि यापुढे मला चित्राशिवाय तक्ता पाठवू नका, मी तपासणार नाही.”

हितेंद्रने विचारलं. कालिंदीने एकूण तेवीस ठिकाणी थोडा थोडा वेळ वाढवून मागितला होता. शुक्रवारी उत्तर आलं: चार मंजूर. का चार आणि तीच का, हे कोणी सांगितलं नाही. भट्टीची ओळ त्या चारांत होती. बाकीच्या एकोणीस ठिकाणी तिने पुन्हा कात्री चालवली, आणि त्यातल्या दोन ठिकाणी जे गेलं ते जायला नको होतं, असं तिचं आजही मत आहे. ते दोन प्रसंग ती बघत नाही.

मालिका आली तेव्हा दगडूंनी ती टीव्हीवर पहिल्यापासून बघितली. सहाव्या भागात भट्टीपाशी त्यांनी ओळ वाचली, मान हलवली, आणि नुसतंच “बरी आसा बिचारी,” म्हणाले. त्यांना आधीचं काही आठवत नव्हतं. कालिंदीने आठवण करून दिली नाही.

इरावतीबाईंना आता चित्र येतं. शेरे कमी झाले आहेत, पण संपले नाहीत. हल्ली त्या शेऱ्याखाली स्वतःच पर्याय लिहून पाठवतात, आणि त्यातले निम्मे लाल असतात. कालिंदी तेवढ्यासाठी फोन करते, दोघी अर्धा तास भांडतात. गेल्या आठवड्यात नवीन मालिका आली आहे, कोर्टातली. वकील आहेत, भरभर बोलणारे, आणि प्रत्येकाच्या तोंडी जर-तर. पहिला भाग उघडून कालिंदीने लाल ओळींचा आकडा बघितला, आणि नलूकाकीला ऐकू जाईल अशा आवाजात एक अस्सल मालवणी शिवी दिली. ती एकाच ओळीत बसली असती.