साठ खाली

आमच्या ब्रिजच्या टेबलावर एक नियम होता, आणि तो मीच केलेला होता: पत्ते गोळा झाले की त्या डावावर कोणी बोलायचं नाही. त्याआधीचे दोन खेळाडू 'तू किलवर का टाकलीस' यावरून असे भांडले की एकमेकांच्या पोरांच्या लग्नालाही गेले नाहीत. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं, सगळ्यांच्या. ते कुलूप पुढे मलाच नडलं.

आम्ही बसायचो जुन्या जालन्यात, एका आडत्याच्या दुकानावरच्या माडीत. रविवारी खाली बाजार बंद असला तरी तुरीचा आणि पोत्यांचा वास जिन्यावरून वर यायचा. चौघं ठरलेले. आडते शेठ आणि परतूरहून रेल्वेने येणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ही एक जोडी. मी, पाटबंधारे खात्यातून सुटलेला इंजिनिअर, आणि माझा डॉक्टर मित्र, ही दुसरी. डॉक्टर तीस वर्षं माझा भिडू होता. माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळ तो माझ्या समोर बसला असेल, आणि तिच्याइतकंच मला ओळखून होता. निदान मला तसं वाटायचं.

खेळायचो रबर. कागदावर मधोमध एक आडवी रेघ. बोललेले हात केले की त्यांचे गुण रेघेखाली. बक्षीस, दंड, जास्तीचे हात सगळं रेघेवर. पहिले सहा हात धरायचे नाहीत, म्हणून 'दोन इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम आणि आठ हात; सहाच्या पुढे इस्पिकच्या आणि बदामच्या दर हाताला तीस. खाली शंभर झाले की गेम. दोन गेम जिंकले की रबर, आणि समोरच्यांचा एकही गेम झालेला नसेल तर वर सातशे. शंभर भरले नाहीत तर जे जमले ते पार्ट स्कोअर म्हणून तसेच थांबतात, पुढच्या डावाची वाट बघत. पण तेवढ्यात समोरच्यांनी गेम मारला की आपले थांबलेले गुण वाया. मला रबर आवडायचा तो या थांबलेल्या गुणांमुळे.

त्या रविवारी आमचा एक गेम झाला होता आणि पुढच्या गेमचे साठ खाली होते. एक गेम झालेली जोडी व्हल्नरेबल, म्हणजे बुडाली तर दर हाताला पन्नासऐवजी शंभर दंड. डॉक्टरने एक इस्पिक बोली लावली. बाई म्हणाल्या, दोन बदाम. माझ्या हातात पाच इस्पिक, बदाम एकही नाही, आणि बाकी सगळा कचरा. दोन इस्पिक म्हटलं असतं तर साठ अधिक साठ, रबर आमचा. पण साठ दिसत असताना समोरचे आम्हाला दोनवर सोडतील? ते तीन बदाम म्हणणार, मग चार, आणि चार बदाम त्यांचे होणार. आमचे साठ गेलेच म्हणायचे. म्हणून मी थेट चार इस्पिक म्हणालो. बाईंना पुढे बोलवेना. सगळे पास.

मी डमी, म्हणजे माझे पत्ते टेबलावर उघडे ठेवून गप्प बसायचं. ते पत्ते बघून डॉक्टरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याचे नऊ हात झाले, दहा लागत होते. एक बुडी, शंभर दंड. एवढ्या दंडात मी शेठ-बाईंचा गेम अडवला होता आणि आमचे साठ जागेवर होते. मी मनातून खूश होतो.

शेठ हळूच म्हणाले, "साहेब, साठ होते ना तुमचे. दोनच बस होतं."

त्यांनी नियम मोडला होता. मी मोडला नाही. तोऱ्यात हसलो फक्त, आणि पत्ते पिसले. बायको गेल्यापासून मी एकटाच राहत होतो, मुलगा परगावी. त्याच महिन्यात मी दोनदा चष्मा घरी विसरून आलो होतो, एकदा बाईंची छत्री आपली म्हणून घेऊन गेलो होतो. त्यांनी सगळं जोडून घेतलं असणार.

पुढच्या रविवारी डॉक्टर म्हणाला, "आता रबर बंद करू. आजकाल सगळे प्रत्येक डाव तिथल्या तिथेच मोजून राह्यले."

म्हणजे पार्ट स्कोअरला लगेच पन्नास, गेमला तीनशे, व्हल्नरेबल असाल तर पाचशे, आणि व्हल्नरेबल कोण हे पाळीपाळीने आधीच ठरलेलं. मागचं काही लक्षात ठेवायची गरज नाही. शेठ लगेच "बराबर" म्हणाले. बाई कागदाकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे माझ्यासाठी चाललंय. मला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त वाईट वाटलं. विचारलं असतंस तर, डॉक्टर. पण विचारू नये असा नियम कोणाचा? माझाच. 'ठीक आहे' म्हणालो आणि वर्षभर तो बेचव खेळ खेळलो.

मग डॉक्टरचं मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं. त्याचं हृदय थकलं होतं. शेवटच्या रविवारी तोच म्हणाला, "आज एक रबर होऊ दे."

पत्त्यांनीही काय वेळ साधली. पहिला गेम आमचा, आणि पुन्हा साठ खाली. डॉक्टरने एक इस्पिक बोली लावली. बाई पास. माझ्या हातात चार इस्पिक, तीन एक्के, मोठ्या पत्त्यांचे मिळून सतरा पॉइंट. स्लॅम समोर दिसत होता. बारा हात बोलून केले की व्हल्नरेबल जोडीला वर साडेसातशे, रबराचे सातशे वेगळे. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर अगदी हळू म्हणाला, "आपले साठ हायेत. ध्यानात हाय ना?"

बोली चालू असताना भिडूला असं सांगायचं नसतं. शेठनी किंवा बाईंनी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही, आणि तेच मला लागलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांत माझी काळजी. म्हटलं, याला एवढं समाधान घेऊन जाऊ दे. "दोन इस्पिक," मी म्हणालो. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

पत्ते खाली मांडले. तो एक्क्यांकडे बघत राहिला. बारा हात केले त्याने, सावकाश. रेघेखाली साठ, जास्तीच्या चार हातांचे वर एकशेवीस, रबराचे सातशे. स्लॅमचे काहीच नाहीत. न बोललेल्या स्लॅमला बक्षीस नसतं. मला वाटलं, आता नियम मोडेल, विचारेल. मग मीही मोडेन, चार इस्पिकचंही सांगेन. त्याने पत्ते गोळा केले आणि जिन्यापर्यंत माझा हात धरून आला. तेव्हा वाटलं, खूश आहे. हात सोडवला नाही मी.

दिवाळीनंतर तो पुण्यातच वारला. महिन्याभराने त्याच्या मुलीचा फोन आला. थोडं इकडचंतिकडचं झालं, मग ती अडखळली.

"काका, मला ब्रिजमधलं काही कळत न्हाई. पण बाबा तुमचंच बोलायचे. म्हणायचे, सतरा पॉइंट हातात असून दोनवर थांबला, स्लॅम दिसला न्हाई त्याला. आता त्याला एकटं राहू देऊ नका. तुमच्या मुलाला फोन करा म्हणून माझ्या मागेच लागल्ते. मंग, बरे आहात ना तुम्ही?"

"बरा आहे," मी म्हणालो.