थोरलीचा बंब

बंब माझ्याशी बोलायचा, आणि चांगलं बोलायचा नाही.

पहाटे नळीत लाकडं पेटली की थोडा वेळ गप्प असायचा. मग आतून एक ठोका. नंतर दोन. मग कुणीतरी तांब्याच्या भिंतीला आतून मुठी मारतंय असं व्हायचं आणि न्हाणीची फरशी पायाखाली थरथरायची. मी तेव्हा नुकती लातूरहून नांदेडला नांदायला आलेली, दुसरेपणाची बायको. गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी चांदीचा टाक, त्यावर कोरलेली बाई म्हणजे माझी वारलेली सवत. तिला सगळे थोरली म्हणायचे. बंब तिच्या माहेरून आलेला. बंबातलं पहिलं तांब्याभर पाणी न्हाणीच्या कोपऱ्यातल्या दगडावर तिच्या नावानं ओतायचं, मग मी अंगावर घ्यायचं, ही सासूबाईंची शिस्त.

तो दगड वाळला की त्यावर पांढरं उमटायचं. मला त्यात पाऊल दिसायचं. टाच, तळवा, पुढे बोटं. मी पाहायची आणि ओलेत्यानंच बाहेर पळायची. केवढी शूर! लग्नाआधी लातुरात मैत्रिणींना भुताच्या गोष्टी सांगून रडवणारी हीच पोरगी, हे आता आठवलं की हसू येतं.

साबणाचंही तेच. अंगाला घासला की फेस नाही, दह्यासारखी कवडी. केसांत चिकट गोळे, लुगडी करडी. लढाईचे दिवस, साबण मिळायची मारामार. सासूबाई हिमायतनगरकडच्या. पदर कमरेला खोचून त्या न्हाणीच्या दाराशी उभ्या राहायच्या.

"काय करून राहिलीस आत? वडी खाऊन राहिलीस का काय? थोरलीला एक वडी महिनाभर पुरायची."

"आत्याबाई, फेसच येत न्हाई हो."

"तिला यायचा. तुला काऊन येत न्हाई, ते तूच बघ."

मला जे बघायचं ते मी दगडावर बघत होते.

थोरली गोदावरीच्या घाटावर भिजून आली, तापानं पडली आणि गेली. तेव्हापासून या घरच्या सुनेनं नदीवर जायचं नाही असं सासूबाईंनी ठरवलं. धुणं, न्हाणं, सगळं अंगणातल्या आडाच्या पाण्यावर. मी आले तोवर घराला त्याची सवय झाली होती, म्हणून त्याचा कुणी विचारच केला नाही.

एका सकाळी बंबानं असा काही धडाका लावला की सासूबाईंच्या हातातली जपमाळ खाली पडली. त्या बराच वेळ बंबाकडे बघत राहिल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हाव ग बाई, ऐकू आलं मला." हे माझ्याशी नव्हतं. माझ्याशी त्या इतकं मऊ कधी बोलल्याच नव्हत्या.

दुपारी जेवताना त्यांनी निर्णय सांगितला. थोरलीचा जीव घुटमळतोय, नवी तिला खपत नाही. तिची शांती होईस्तोवर नवीला लातूरला धाडावं. शांती कधी होणार, ते बंब सांगेल.

मी ताटातला भात चिवडत राहिले. सवतीच्या भुतानं हाकललेली बाई एकदा माहेरी गेली की तिला परत कोण बोलावणार? लातुरात दोन धाकट्या बहिणी उजवायच्या होत्या. त्यांच्या पदरातही माझं भूत बांधलं गेलं असतं.

माझे यजमान निजामाच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकवणं उर्दूत, घरी मराठी, आईपुढे मौन. त्या दिवशी मात्र ते बोलले. "आधी पाणी तपासतो. पाण्यात दोष निघाला तर ही इथंच राहील."

"आणि न्हाई निघाला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून खुणांची काचेची नळी, घट्ट बुचाची बाटली आणि स्पिरिटात विरघळवलेला साबण आणला. ओसरीवर बसून मला समजावलं. जड पाणी साबण खातं. पाण्यात चुन्यासारखे क्षार असतात, साबण आधी त्यांच्याशी भांडतो आणि कवडी होऊन पडतो. ते क्षार संपले की मगच फेस धरतो. तेव्हा किती साबण ओतल्यावर फेस टिकतो ते मोजलं की पाणी किती जड ते कळतं. दर वेळी पाणी तेवढंच घ्यायचं, साबण थोडाथोडा घालायचा, बूच लावून हलवायचं, बाटली आडवी ठेवायची. फेस पाच मिनिटं मोडला नाही तर खूण वाचायची.

शाळेत वाफ थंड करून केलेलं पाणी होतं, त्याला एकच खूण लागली. "ही नुसत्या फेसाची. प्रत्येक आकड्यातून ही वजा." नदीचं पाणी त्यांनी तपासलं, पाच खुणा. आडाच्या पाण्याला सुरुवात केली आणि हेडमास्तरांचा शिपाई बोलवायला आला. ते खिशातलं घड्याळ घेऊन उठले.

"तू पुरं कर. आईच्या माळेचा एक फेरा म्हणजे पाच मिनिटं. घाई करू नकोस."

मी एकटी, समोर बाटली, मागे न्हाणीचं उघडं दार. साबण घातला, हलवलं, फेस आला. छान, पांढरा, दाट! मी बाटली आडवी केली आणि माळ हातात घेतली. पहिले चार मणी नीट ओढले. तेवढ्यात न्हाणीत कुठंतरी ठिबकलं. मग माझी बोटं जी सुटली! देवाचं नाव पुरं तोंडातून निघायच्या आत पुढचा मणी. एवढ्या वेगानं जप झाल्यावर देवालाही धाप लागली असेल. माळ संपली तेव्हा फेस होता. मी खूण वाचली. सात.

संध्याकाळी त्यांनी आकडा मला दोनदा विचारला. नदीचे पाच, आडाचे सात. फरक नाही म्हटलं तरी चालेल एवढाच. सासूबाईंनी विचारलं, "निघाला का दोष?"

"फारसा नाही."

"मग पाणी न्हाई, तीच हाय." त्या उठल्या आणि लातूरला निरोप धाडायला शेजाऱ्यांकडे गेल्या. त्यांच्या चालण्यात राग नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली. मी ट्रंक काढली. लुगड्यांच्या घड्या घालताना गळ्यातला टाक थंडगार लागत होता आणि मी त्याला म्हणाले, "घे बाई, घर तुझं."

यजमानांना मात्र अर्धवट प्रयोग सोडवेना. शाळेत मुलांना ते नेहमी पाणी उकळूनही तपासायला लावायचे, म्हणून त्यांनी आडाचं पाणी चांगलं अर्धा तास उकळलं, घटलं तेवढं वाफेचं पाणी भरलं, निववलं, तळाचा पांढरा गाळ फडक्यातून गाळून वेगळा केला. मग घड्याळ समोर ठेवून साबण घातला. नऊ खुणा.

ते बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"उकळून पाणी हलकं होतं, काही नाही तर तेवढंच राहतं. सातावरून नवावर चढत नाही. तू माळ कशी ओढलीस?"

"एक फेरा."

"ओढून दाखव."

मी ओढून दाखवली. पहिल्या चार मण्यांइतकीच सावकाश, अगदी सात्त्विक चेहऱ्यानं.

"अशी नाही. न्हाणीकडे पाठ करून, एकटी असल्यासारखी ओढ."

मग मी खरी ओढली. ते इतके हसले की ठसका लागला. लग्नानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या घरात कुणी हसलं की भिंतीसुद्धा दचकतात असं मला वाटलं.

त्यांनी आडाचं पाणी नव्यानं घेतलं. सातव्या खुणेला फेस आला, माझाच तो, दाट आणि साजरा. घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि फेस हळूहळू बसायला लागला. त्यांनी आणखी एक खूण साबण घालून हलवलं, तर उरलासुरला फेसही नाहीसा. पाण्यावर पुन्हा कवडी.

"हा खोटा फेस," ते म्हणाले. "काही पाण्यांना असा मधेच येतो. थांबलं नाही की फसवतो."

खरा फेस बावीस खुणांना धरला, आणि पाच मिनिटं ढळला नाही.

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांना समोर बसवून त्यांनी हिशेब मांडला. एक वजा जाता आडाचं पाणी एकवीस, नदीचं चार. थोरली नदीवर धुवायची, न्हायची, म्हणून तिला वडी पुरायची. ही आडावर, म्हणून पुरत नाही. उकळल्यावर एकवीसचे आठ उरले. ते आठ कितीही तापवा, हटत नाहीत. ते साबण खाणारच. त्यांच्यासाठी धुण्याच्या पाण्यात आधी सोडा घालायचा, केसांना रिठे वापरायचे, रिठ्याची कवडी होत नाही.

"आणि मधले तेरा?" मी विचारलं.

"ते बंबात बसले. रोज थोडे थोडे."

तांबट आला. तळ उघडल्यावर बंबाच्या नळीभोवती पांढरी, दगडासारखी साल बसलेली दिसली, बोटभर जाड. आच सालीत अडते, लाकूड दुप्पट जळतं. सालीच्या भेगांतून आत शिरलेलं पाणी तापल्या तांब्यावर एकदम वाफ होऊन फुटतं, तो ठोका. बंबातून गरम पाणी बाहेर काढणारा लोखंडी नळ कापला तर त्याचं भोक करंगळीही जाणार नाही एवढं उरलेलं. आडाचं पाणी साठवायच्या हौदाकडून बंबात येणाऱ्या थंड पाण्याच्या नळात मात्र नुसता गंज, कारण तिथं पाणी तापतच नव्हतं. दगडावरचं पाऊलही पाणी वाळल्यावर मागे राहिलेला क्षारच. तांबटानं चिंचेच्या पाण्यात नळी भिजत घातली तेव्हा साल फसफसली, मग त्यानं ती ठोकून काढली.

सालीत थर होते, झाडाच्या बुंध्यात असतात तसे. वरचे माझे. आतले, तांब्याला चिकटलेले, थोरली घरच्यांसाठी आडाचं पाणी भरून बंब तापवायची तेव्हाचे. सासूबाईंनी त्यातला एक तुकडा उचलला, उन्हात उलटापालटा केला आणि पदरात ठेवला. लातूरचा निरोप दुसऱ्या निरोपानं रद्द झाला. मी ट्रंक रिकामी केली आणि दोन दिवस घरात उगाच जोरजोरानं पावलं टाकत हिंडले. जिंकले होते ना!

तिसऱ्या पहाटे बंब पेटवला. थोड्या लाकडांत पाणी तापलं. ठोका नाही, थरथर नाही. मी तांब्या घेऊन न्हाणीत गेले तर सासूबाई अंधारात बंबाजवळ पाटावर बसलेल्या. किती वेळ, कोण जाणे. कान बंबाकडे.

"आत्याबाई, इथं काऊन बसलात?"

"ऐकू येत न्हाई काही," त्या म्हणाल्या.

ती शांतता फार वाईट होती. ठोक्यांना मी कधी भ्याले नाही इतकी मी तिला भ्याले. थोरली त्या घरातून खरी गेली ती त्या पहाटे, आणि तिला घालवणारी बाटली मीच हलवली होती.

पहिलं तांब्याभर पाणी मी दगडावर ओतलं. सासूबाई हलल्या नाहीत.

"तू तरी बोल काही," त्या म्हणाल्या.

मी बोलायला लागले. लातूरचं, बहिणींचं, काय वाटेल ते. पाणी निवून गेलं तरी बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "लई बोलतेस ग तू," आणि पाटावर जरा सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.