तीन ओळींचा सारांश

धायरीतल्या आमच्या सोसायटीत आलेला कागद जसाच्या तसा ग्रुपवर टाकायची पद्धत नाही. त्याचा सारांश टाकतात. कागद तीन ओळींचा असला तरी.

लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचा तसाच एक आला होता. अध्यक्ष आयटीतले. त्यांनी तो मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपला दिला आणि तीन ओळींचे तीन परिच्छेद झाले. ‘सुरक्षितता ही आपली सामूहिक जबाबदारी’ पहिल्यात, सहकार्याबद्दल आभार शेवटच्यात, आणि मधे ‘काही काळ लिफ्टसेवा प्रभावित राहील, पर्यायी मार्ग वापरावा’. लोक कुरकुरले. मग सेक्रेटरी पुढे सरसावले. ते निवृत्त शिक्षक. सारांश एक तृतीयांशच हवा, हे त्यांनी जन्मभर मुलांच्या डोक्यात घातलेलं. त्यांनी अध्यक्षांचं पाल्हाळ आणि मूळ कागद दोन्ही बाजूला ठेवून लिहिलं, ‘बुधवारी लिफ्ट बंद.’ वर अंगठ्यांचा पाऊस!

माझ्या शेजारच्या काकांचं बुधवारी अकराला डायलिसिस असतं. आम्ही बी विंगमध्ये, सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. सात मजले उतरणं काकांना शक्यच नव्हतं. काकू रडवेल्या होऊन हॉस्पिटलला फोन लावत होत्या, वेळ बदलून मागायला. आधीच पाय सुजलेले, त्यात आणखी एक दिवस. माझं डोकंच फिरलं. काकूंना थांबायला सांगितलं आणि सेक्रेटरींकडे जाऊन मूळ कागद मागितला.

“सारांश टाकलाय ना मी?” ते म्हणाले.

“म्हणूनच मूळ मागतेय.”

कागदावर होतं: बुधवारी दहा ते चार बी विंगची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील. ए विंगची चालू राहील. गच्चीची दोन्ही दारं उघडी ठेवावीत, म्हणजे वरून तिकडे जाता येईल. कळावे.

मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, ‘बुधवारी दहा ते चार फक्त बी विंगची लिफ्ट बंद. गच्चीवरून ए विंगची वापरा.’

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “हा कसला सारांश? जवळजवळ सगळंच ठेवलंत.”

“मग काय टाकू? टाकण्यासारखं ‘कळावे’ होतं, ते टाकलं.”

बुधवारी काका एकच जिना चढले, मधे खुर्चीवर टेकले, गच्ची ओलांडून ए विंगच्या लिफ्टने उतरले आणि अकराच्या आत हॉस्पिटलात पोचले. मला इतकं हायसं वाटलं, की सेक्रेटरींवरचा रागही विसरले.

ते मात्र खालीच भेटले. आम्ही काकांना घेऊन परतत होतो, आणि भाजीच्या पिशव्या घेतलेले सेक्रेटरी बी विंगच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसले होते. राहायला सहाव्या मजल्यावर. ग्रुपवरचं माझं त्यांनी सारांश म्हणून धरलंच नव्हतं. स्वतःच्या सारांशावर पूर्ण विश्वास.

काकांचा आवाज थकलेला होता, पण शब्द नेमके आले. “अहो, सगळे जिने कशाला चढताय? एक तृतीयांश पुरेत की.”